कार्डावरची सुनीता आणि आठवीचा वर्ग

 

दरवर्षी २६ नोव्हेंबरला, संविधान दिनाला, आपली मुलं शाळेत उद्देशिका वाचतात. मागे अशाच एका दिवशी आम्ही गटाच्या काही जणी एका शाळेत आठवीच्या वर्गात बसलो होतो. आम्ही विचारलं, मूलभूत हक्क किती? सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, सहा. कर्तव्यं किती? अकरा. समतेचा, स्वातंत्र्याचा, शोषणाविरुद्धचा अशी नावंही एका मुलीनं न अडखळता सांगितली. मग आम्ही विचारलं, "शाळेच्या मुलींच्या शौचालयात आठ दिवस पाणी नाही. हा कुणाच्या हक्काचा प्रश्न आहे, आणि सांगायचं कुणाला?" वर्ग गप्प झाला. मागच्या बाकावरून एक मुलगा हळूच म्हणाला, "घरी जाऊन यायचं."

त्या उत्तरानं आम्हांला कामाला लावलं. मुलांना यादी पाठ होती, कारण आपल्या राज्याच्या सातवीच्या नागरिकशास्त्रात हक्क आणि कर्तव्यांचे धडे होऊन गेलेले असतात. आठवीला संसद आणि न्यायालयं येतात. पण धड्यातला हक्क आणि शाळेच्या व्हरांड्यात घडणारी गोष्ट यांची गाठ कुठेच पडत नाही. ती घालून देण्यासाठी आम्ही बायांनी आणि शाळेतल्या बाईंनी मिळून कार्डं तयार केली. त्या कार्डांचं काय झालं, कुठे चुकलं, ते आज सांगतो.

कार्ड म्हणजे फार काही नाही. जुन्या लग्नपत्रिकांची मागची कोरी बाजू वापरली. एका कार्डावर चार-पाच ओळींत एक प्रसंग, शाळेतला किंवा शाळेच्या वाटेवरचा. कलमाचा आकडा कार्डावर लिहायचा नाही, कारण आकडा दिसला की मुलं विचार थांबवून पुस्तक शोधतात. खाली तीनच प्रश्न. पहिला, नेमकं काय घडलं? दुसरा, यात हक्क कुणाचा, आणि तो पुरा करायची जबाबदारी कुणावर? तिसरा, आता काय करायचं, कुणाकडे जायचं? पाच-पाच मुलांचे गट, आणि प्रत्येक गटात एकानं मुद्दाम उलटी बाजू मांडायची. एका तासिकेला एकच कार्ड. आम्ही पहिल्यांदा हौसेनं तीन कार्डं नेली होती. एकाचंही बोलणं पुरं झालं नाही आणि घंटा झाली.

आमचं सगळ्यात चाललेलं कार्ड असं आहे. "सुनीताच्या वर्गात रोज सकाळी झाडू मारायचा आणि पिण्याचं पाणी भरायचं असतं. हे काम मुली करतात. मुलगे तेवढा वेळ मैदानात असतात. एक दिवस सुनीता म्हणाली, आज मी झाडणार नाही. बाई म्हणाल्या, अगं, पुढे घरी हेच करायचंय, आतापासून सवय लाव."

पहिल्या प्रश्नाला वर्गाचं उत्तर आलं, सुनीता उद्धट आहे. गंमत म्हणजे हे मुलीच आधी म्हणाल्या. इथे शिकवणाऱ्यानं लगेच दुरुस्त करायला जायचं नाही. आम्ही फक्त एवढंच सांगितलं, कार्डावरची नावं बदलून वाचा. सुनीताच्या जागी सुनील घाला. "सुनील, पुढे घरी हेच करायचंय, आतापासून सवय लाव." वर्ग हसला. हसला म्हणजे त्यांना कळलं. जे वाक्य मुलाला लावलं की हसू येतं आणि मुलीला लावलं की खरं वाटतं, तिथे भेदभाव बसलेला असतो. नावं बदलून वाचायची ही युक्ती कुठल्याही कार्डाला लावता येते.

मग एक मुलगा म्हणाला, पण स्वच्छता तर कर्तव्य आहे, मग सुनीता नाही कशी म्हणते? हा प्रश्न चांगला होता. संविधानाच्या ५१ क या कलमात अकरा कर्तव्यं दिली आहेत. सार्वजनिक मालमत्ता सांभाळणं त्यात आहे, आणि शाळेचा वर्ग सार्वजनिकच. पण ते कर्तव्य "प्रत्येक नागरिकाचं" आहे, अर्ध्या वर्गाचं नव्हे. त्याच यादीत आणखी एक कर्तव्य आहे, स्त्रियांच्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणाऱ्या प्रथा सोडून देण्याचं. म्हणजे झाडू मारण्यात गैर काही नाही, झाडू फक्त मुलींच्या हातात असण्यात आहे. हा फरक मुलांना आमच्यापेक्षा लवकर समजला, खरं सांगायचं तर. आमच्यातल्या दोघी-तिघी अजून म्हणत होत्या, "मुलींना सवय असलेली बरी."

दुसऱ्या प्रश्नाला जरा थांबावं लागतं. हक्क सुनीताचा, हे सगळे सांगतात. जबाबदारी कुणावर, याला मुलं म्हणतात "मुलांवर", म्हणजे मैदानात खेळणाऱ्यांवर. तसं नाही. कलम १५ सांगतं की राज्यानं धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून नागरिकांत भेद करायचा नाही. राज्य म्हणजे फक्त मुंबईचं मंत्रालय नव्हे. जिल्हा परिषदही त्यात येते, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाई वर्गात कामं वाटून देतात तेव्हा त्या राज्याच्या वतीनं वागत असतात. म्हणून हक्काचा प्रश्न कामं वाटणाऱ्याला विचारायचा. वर्गातल्या मुलांकडे उरतं ते कर्तव्य. बोईसरच्या कारखान्यांत कामाला आलेल्या उत्तरेकडच्या कुटुंबातल्या मुलाला वर्गात कुणी "ए भैया" म्हणून चिडवतं, तेव्हाही असंच असतं. चिडवणारा मुलगा बंधुभावाचं कर्तव्य मोडतो, आणि ते रोज पाहूनही गप्प बसणाऱ्या शाळेला मात्र हक्काचा प्रश्न विचारता येतो. याला मोठा अपवाद अस्पृश्यतेचा. कलम १७ नं ती नष्ट केली आहे आणि ती कुणीही पाळली तरी गुन्हा आहे, मग तो मास्तर असो, दुकानदार असो की शेजारी.

तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक गट लिहितात, "तक्रार करायची" आणि थांबतात. आम्ही तिथे पायऱ्या करून घेतो. आधी बाईंनाच सांगायचं, पण रिकाम्या हातानं नाही. हजेरीच्या क्रमांकाप्रमाणे कामाची आठवड्याची यादी स्वतः लिहून न्यायची, मुलगे-मुली मिळून. नाही जमलं तर मुख्याध्यापक. मग शाळा व्यवस्थापन समिती. त्याच्या पुढे पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी. ताईंनो, या समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि एकूण सभासदांत निम्म्या बाया, असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. आपल्या गटांतल्या कितीतरी जणी त्या समितीच्या कागदावर आहेत. सही करून परत येतात, एवढंच. मुलांनी तिसऱ्या प्रश्नात "समिती" लिहिलं आणि विचारलं, समितीत कोण कोण आहे, तेव्हा एका मुलाला कळलं की त्याची आईच आहे!

यादी लागली म्हणून प्रश्न संपत नाही, हेही सांगायला हवं. आम्ही पंधरा दिवसांनी गेलो तर यादी भिंतीवर होती. सोमवारी मुलगे झाडत होते आणि त्यांच्या मागून दोन मुली पुन्हा झाडत होत्या, "त्यांचं नीट होत नाही" म्हणून.

आता आमच्या चुकीच्या कार्डाची गोष्ट. त्यावर लिहिलं होतं, "रवीनं तीन दिवस गृहपाठ केला नाही. सरांनी त्याला छडी मारली आणि दिवसभर वर्गाबाहेर उभं केलं." वर्गाचं उत्तर जवळजवळ एकमतानं आलं, बरोबर केलं, त्यानं कर्तव्य केलं नाही तर हक्क कुठला? आम्हीही आधी गडबडलो, कारण आपण घरी हेच म्हणतो, आधी कर्तव्य करा, मग हक्क मागा. पण संविधानात असा सौदा कुठेही लिहिलेला नाही. मूलभूत हक्क पहिल्यापासून, म्हणजे १९५० पासून आहेत. कर्तव्यं १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं आली, तेव्हा ती दहा होती. हक्क मोडला तर थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येतं, कलम ३२ प्रमाणे. कर्तव्य मोडलं म्हणून त्या कलमाखाली शिक्षा नाही, आणि कर्तव्य राहिलं म्हणून हक्क काढून घेता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शाळेत मारणं आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले आहेत. गृहपाठ केलेल्यालाच ते लागू, असं त्यात नाही. रवीला जबाबदार धरायचं तर त्याला वर्गाबाहेर काढून कसं धरणार? बाहेर उभा राहिलेला मुलगा आजचा धडाही चुकवतो. आम्ही कार्डाला एक ओळ जोडली, "रवीच्या घरी संध्याकाळी कोण कोण असतं, हे सरांनी विचारलं नव्हतं." त्यानंतर वर्गाचं बोलणं बदललं.

हक्क आणि कर्तव्य समोरासमोर आले तर काय, असं मुलं विचारतातच. त्याला आम्ही एक खरी घडलेली गोष्ट कार्डावर घेतली. केरळमधली तीन भावंडं, दहावी, नववी आणि पाचवीतली. शाळेत राष्ट्रगीत सुरू झालं की ती आदरानं उभी राहत, पण गात नसत. त्यांच्या पंथात देवाच्या प्रार्थनेशिवाय दुसऱ्या कुठल्याही विधीत सामील व्हायचं नाही अशी श्रद्धा होती. जुलै १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढून टाकलं. कार्ड इथे थांबतं आणि वर्गानं निकाल द्यायचा असतो. आमच्याकडे बहुतेक गटांनी लिहिलं, काढलं ते बरोबर, राष्ट्रगीताचा आदर हे पहिलंच कर्तव्य आहे.

मग आम्ही पुढचं सांगितलं. वडिलांनी उच्च न्यायालयात दाद मागितली, तिथे हरले. ऑगस्ट १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुलांना पुन्हा शाळेत घ्यायला सांगितलं. न्यायालयानं पाहिलं ते हे, की आदर करण्याचं कर्तव्य मुलांनी मोडलं का? ती उभी राहत होती, कुणाला गाण्यापासून अडवत नव्हती. गायलंच पाहिजे असा कायदा नव्हता. मग त्यांच्या श्रद्धेचा आणि व्यक्त होण्याचा हक्क शाळेला काढून घेता येत नाही. एक मुलगी म्हणाली, "म्हणजे कर्तव्य काय लिहिलंय ते नीट वाचायचं, आपल्या मनानं वाढवायचं नाही." आम्ही तिला कार्डाच्या मागे तेच लिहायला सांगितलं. एक मुलगा मात्र शेवटपर्यंत पटलं नाही म्हणाला. तेही चालतं. निकाल मान्य करावा लागतो, आवडलाच पाहिजे असं नाही.

एक चूक मात्र आम्हांला फार लागली. आपल्या जिल्ह्यात जव्हार, मोखाडा, विक्रमगड भागातली कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडी-वसईकडे, आणि पाऊस तोंडावर आला की परततात. मुलं बरोबर जातात, शाळा सुटते. यावर कार्ड हवंच होतं. आम्ही ते लिहिताना ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी उतरवली, धाकटी बहीण, आजारी वडील, भट्टीचं गाव सगळं. नाव तेवढं बदललं. कार्ड वाचून होताच आख्ख्या वर्गानं माना वळवून एका मुलाकडे पाहिलं. त्यानं डोकं बाकावर टेकवलं. पुढचे दोन दिवस तो शाळेत आला नाही. हक्क शिकवायला गेलो आणि एका मुलाची लाज काढून आलो.

तेव्हापासून आमचा नियम आहे. मुलगा असेल तर मुलगी करायची, गाव बदलायचं, आणि घरातल्या निदान दोन गोष्टी बदलायच्या. मग कार्ड आधी त्याच शाळेतल्या बाईंना वाचून दाखवायचं आणि विचारायचं, हे वाचून तुमच्या डोळ्यांपुढे कोण येतं? कुणी आलं तर ते कार्ड त्या वर्गात नाही, दुसऱ्या शाळेत. वर्गात "तुझ्या घरी असं होतं का?" हेही विचारायचं नाही. बोलायचं ते कार्डावरच्या मुलीबद्दल. ज्याला सांगायचं असतं तो नंतर येऊन सांगतो.

आणि भट्टीचं उत्तर मुलांना माहीत असायला हवं. हंगामात दुसऱ्या गावी गेलं तरी तिथल्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. निघताना आपल्या शाळेतून शिक्षण हमी पत्रक मागून घ्यायचं, म्हणजे नव्या शाळेला मूल कुठवर शिकलंय ते कळतं. दाखल्याला उशीर झाला म्हणून दारातून परत पाठवता येत नाही. आम्ही हे फळ्यावर लिहिलं तेव्हा तो मुलगा ते वहीत उतरवून घेत होता.

कार्डं चालली की नाही हे कसं ओळखायचं? कलमं विचारून नाही. आठवड्यानं नवं कार्ड द्यायचं आणि पाहायचं, मुलं दुसऱ्या प्रश्नाला कुणाचं तरी नेमकं पद लिहितात का. "सरकार" लिहिलं तर अजून व्हायचं आहे. "मुख्याध्यापक" किंवा "ग्रामपंचायत" लिहिलं तर गाडी रुळावर आहे.

शेवटचं कार्ड आम्ही वर्गात नेतो आणि गटाच्या बैठकीतही वाचतो. "कविता आठवीत आहे. गावची शाळा आठवीपर्यंतच. नववीला एसटीनं जावं लागेल. आई म्हणते, आता घरी राहा, धाकट्याला सांभाळ, मी कामाला जाते. कविता चौदा वर्षांची झाली."

मैत्रिणींनो, इथे आपण स्वतः कार्डावर आहोत. कलम २१ क नं सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. २००२ च्या ज्या घटनादुरुस्तीनं तो दिला, तिनंच अकरावं कर्तव्य आणलं, आणि ते मुलांचं नाही, आईवडिलांचं आणि पालकांचं आहे. आपल्या पाल्याला सहा ते चौदा या वयात शिक्षणाची संधी देण्याचं. कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि तो आठवीपर्यंत पोहोचतो. कविताला वर्ष संपायच्या आत चौदा पुरी झाली तरी आठवी पुरी करण्याचा तिचा हक्क जात नाही, हे कित्येक घरांत माहीत नसतं. आणि उशिरा शाळेत येऊन वयाप्रमाणे वरच्या वर्गात बसलेल्या मुलीलाही हे लागू आहे.

नववीला मात्र तो मूलभूत हक्क मागे राहतो. वर्गात हे सांगितलं की मुली एकमेकींकडे पाहतात. नववीपासून आहेत त्या शासनाच्या सवलती. राज्यात मुलींना बारावीपर्यंत फी माफ आहे, आणि गावातल्या मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास अहिल्याबाई होळकर योजनेतून मिळतो. सवलत मागावी लागते, आपोआप घरी येत नाही. म्हणून कविताच्या कार्डाचा तिसरा प्रश्न आम्ही आठवीतच, दुसऱ्या सत्रात सोडवून घेतो. जवळची नववीची शाळा कोणती, तिथे किती जागा, एसटी किती वाजता, पास कुठून भरायचा, धाकट्याला सकाळी अंगणवाडीत कोण सोडणार. शेवटचा प्रश्न कायद्याचा नाही, पण कविता तिथेच अडते.

आमच्या एका बैठकीत हे कार्ड वाचल्यावर एक ताई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "माझी कविता गेल्या वर्षीच घरी बसली. आता दाखल होते का?" आम्ही दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर आधी जुन्या शाळेत गेलो, शाळा सोडल्याचा दाखला घेतला, आणि मग हायस्कूलमध्ये. जून उजाडायला तीन आठवडे होते. तुमच्याही गटात अशी कुणी असेल तर दाखल्याचा कागद आत्ताच काढून ठेवा, आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीला आठवीच्या मुलींची यादी घेऊन जा. कोण कुठे नववीला जाणार, हे एकेकीच्या नावापुढे लिहून घ्या. ज्या नावापुढची जागा कोरी राहील, त्या घरी आधी जायचं.